वरचं माणूस: एका कथेच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै

कथेचा ऐवज थोडा आहे. मोठं शहर, भाड्याचा लहानसा फ्लॅट, त्यात राहणारी एक बाई. ती 'मी'मध्ये बोलते. दुसरं पात्र कथेत दिसणार नाही. जे कोणी असेल ते भिंतीपलीकडून, छतावरून किंवा बाथरूमच्या डक्टमधून येईल.

स्वतःला घातलेली अट: 'एकटी', 'एकाकी', 'एकटेपणा' हे शब्द वापरायचे नाहीत. 'शांतता'ही नाही. तो शब्द आला की मागोमाग 'भयाण' येतोच.

पहिला खर्डा आज झाला आणि वाचवेना. त्यात सगळे आवाज आहेत: लिफ्टचं दार, वरची खुर्ची, शेजारचा टीव्ही, कोणाचं तरी खोकणं, पाइपातून उतरणारं पाणी. एकामागून एक ठेवल्यावर इमारत गजबजलेली वाटते आणि बाई मजेत असल्यासारखी. आवाजांची यादी झाली, पण त्यांच्याशी तिचं काय नातं आहे ते कुठेच नाही. दोन-तीन आवाज ठेवून बाकीचे काढायचे. कोणते ठेवायचे, हे भिंतीतून नेमकं काय येतं ते समजून घेतल्यावर ठरवतो.

९ जुलै

मित्राला दार बंद करून पलीकडच्या खोलीत बसवलं आणि काहीही मोठ्याने वाच म्हटलं. अलीकडे बसून जे कानावर पडेल ते लिहीत गेलो. कागदावर जवळजवळ शब्द नाहीतच. 'ओ… आ-आ… ऊं?' असलं काहीतरी आहे. पण तो कुठे थांबला, कुठे प्रश्न विचारल्यासारखा स्वर चढला, कुठे कंटाळला, हे सगळं कळलं.

कारण साधं आहे. जड भिंत बारीक, उंच पट्टीचे आवाज जास्त अडवते आणि खालच्या पट्टीचे कमी. ढोबळ नियम असा की कंपनसंख्या दुप्पट झाली की भिंतीचा अडसर सुमारे ६ डेसिबलने वाढतो. आपल्या बोलण्यात स्वरांचा जोर बहुतेक १००० हर्ट्‌झच्या खाली असतो. 'स', 'श', 'ट', 'क' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती वरच्या, २००० हर्ट्‌झच्या आसपासच्या आणि त्याहून उंच भागात. म्हणजे भिंत व्यंजनं ठेवून घेते आणि स्वर सोडते. शब्द तिकडेच राहतात, चाल तेवढी इकडे येते.

माझ्या खर्ड्यात शेजारच्या जोडप्याचं अख्खं भांडण होतं, संवादांसकट. ते आता खोटं वाटतं. आरडाओरडा असेल तर एखादा शब्द फुटून येईल, बाकी नाही. शेजाऱ्यांचे पूर्ण संवाद ऐकवणाऱ्या कथांमध्ये भिंत पुठ्ठ्याची असते.

१४ जुलै

भांडणाचा परिच्छेद नव्याने लिहिला:

*शेजारचा पुरुष एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. काय ते कळत नव्हतं, पण शेवटाला आवाज दर वेळी चढत होता. पाचव्यांदा चढला नाही. मग बाईचं काहीतरी लांबलचक, सपाट. मग कपाटाचं दार.*

हे बरं आहे. वाचणाराही तिच्याइतकाच कान लावतो आणि दोघांनाही सारखंच कमी कळतं.

टीव्ही आणि माणसं यांतला फरकही वापरता येईल. टीव्हीचा आवाज भिंतीवरच्या एकाच जागेतून येतो, हलत नाही. त्याची पातळी सारखी असते आणि बोलण्याखाली संगीत चालू असतं. माणसं बोलता बोलता लांब जातात, वाक्य स्वयंपाकघरात नेऊन संपवतात, मध्येच गप्प होतात. भाड्याने राहून वर्ष झालेल्या बाईला हे भिंतीकडे पाठ असतानाही कळेल. तिने एकदा टीव्हीला माणसं समजावं, असा प्रसंग लिहिला होता. तो काढला. नवखी असती तर चाललं असतं, पण ही जुनी झाली आहे, आणि तिला येणारी कला हीच आहे.

१८ जुलै

आजचा दिवस 'ऐकू आलं' काढण्यात गेला. 'मला पावलं ऐकू आली', 'मला नळाचा आवाज ऐकू आला'. दर वाक्यात 'मला' पुढे येऊन उभी राहते आणि आवाज तिच्या मागे लपतो. कथा सांगणारी तीच आहे, तर ऐकणारं दुसरं कोण असणार? 'पावलं खिडकीशी गेली' एवढं पुरतं.

'ऐकू आलं' फक्त एका जागेसाठी राखून ठेवलं आहे, जिथे तिला ऐकू येण्याची खात्री नसेल. तिथे त्याचं काम आहे.

दुसरं एक हाती लागलं, ते फ्रिजचं. कॉम्प्रेसर चालू असतो तेव्हा त्याच्या घुमण्याखाली बारीक आवाज बुडून जातात. तो बंद पडला की तेच आवाज वर येतात. ते वाढलेले नसतात, झाकण गेलेलं असतं. म्हणून तिच्या घरात वरच्या मजल्याला वेळापत्रक आहे आणि ते फ्रिज ठरवतो:

*फ्रिज थांबला आणि वरचं घर सुरू झालं. पावलं खिडकीशी गेली, तिथे राहिली. मी भांडं हातात धरून उभी राहिले. पावलं फिरली तेव्हा मी नळ सोडला.*

कथेतली पहिली जागा जिथे काहीतरी घडतं, ती ही. तिने ऐकलं एवढंच नाही, ती थांबली. वरच्याच्या चालीवर तिने आपलं भांडं घासणं बसवलं. यापुढे प्रत्येक आवाजाला हीच कसोटी: त्यामुळे ती काही करते का, किंवा करायची थांबते का? नसेल तर आवाज काढायचा. या कसोटीवर खोकला गेला, लिफ्ट गेली. पाइपही गेले, पाण्याचा आवाज पाइपातून कितीही मजले उतरतो आणि चढतो, नळ कोणाचाही असू शकतो, त्याच्याशी नातं जुळायचं कसं? खुर्ची राहिली, पावलं राहिली.

२६ जुलै

अडलो. वरचं माणूस बाई आहे की पुरुष?

तिला माहीत नाही. वरून बोलणं कधी येत नाही, फक्त चालणं येतं. टाचेचा धप्प असा आवाज वजनाचा आणि चालण्याच्या सवयीचा असतो, त्यावरून काही ठरत नाही. पण मराठी क्रियापद थांबायला तयार नाही. 'वर कोणीतरी उठला' म्हणा किंवा 'उठली' म्हणा, काहीतरी म्हणावंच लागतं. पानभर लिहून पाहिलं तर मी नकळत सगळीकडे पुल्लिंग वापरलेलं. तेवढ्यानेच कथेला वेगळा वास यायला लागला. वर पुरुष, खाली बाई: वाचणारा जिना चढायच्या तयारीत बसणार.

वाटा शोधल्या. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ असला की क्रियापद कर्माच्या मागे जातं. 'वरच्या माणसाने खुर्ची ओढली', 'खिडकी लावली', 'दिवा बंद केला' (दिवा दिसत नाही, पण बटणाचा खट्ट येतो). यात ओढणारं कोण ते झाकलेलं राहतं. म्हणजे वरचं माणूस वस्तू हाताळत असेल तोवर सुरक्षित आहे. अडचण येते ती बसणं, उठणं, झोपणं, येणं, जाणं यांची. तिथे आवाजालाच कर्ता करायचं: पावलं आली, पावलं गेली, दार करकरलं.

आणि उरलेल्या जागी नपुंसकलिंग. 'वरचं माणूस उठलं.' बोलताना आपण हे सहज म्हणतो, 'बिचारं माणूस ते'. त्यात थोडी माया असते आणि थोडं अंतर. तिच्या तोंडी हे शोभतं. पहिल्या पानापासून हेच लावून धरलं आणि गंमत अशी की पाच-सहा पानांत माणूस दिसायला लागलं. चेहऱ्याशिवाय, पण सवयींसकट.

३ ऑगस्ट

कथेला कणा हवा होता, तो मिळाला: फोन.

वरच्या माणसाचा सकाळचा अलार्म व्हायब्रेटवर असतो आणि फोन फरशीवर ठेवलेला असतो. फोनमधली कंपनाची मोटर साधारण १५० ते २०० हर्ट्‌झच्या आसपास थरथरते. फोन गादीवर असेल तर ती थरथर कापसात जिरते. फरशीवर असेल तर थेट स्लॅबमध्ये उतरते आणि खालच्या घराचं छत घूं-घूं करतं. हा आवाज हवेतून आलेलाच नसतो. त्यामुळे वरच्या दाराला कान लावला तर कदाचित काहीच येणार नाही, आणि खाली अंथरुणात पडल्या पडल्या तो डोक्यावर असतो. हे पुढे उपयोगी पडेल.

यातून बाईचा तर्क लिहिला:

*फोन जमिनीवर, म्हणजे उशाला टेबल नाही. टेबल नाही म्हणजे गादीही बहुधा जमिनीवरच. म्हणजे वरचं माणूसही भाड्याचंच. पहिल्यांदा वाजतो तेव्हा पाच-सहा घूं होतात आणि थांबतो. नऊ मिनिटांनी परत. मी पहिल्यावर उठत नाही. दुसऱ्यावर आम्ही उठतो.*

'आम्ही' लिहिताना पेन थांबलं नाही, म्हणजे बरोबर आलं असावं. (स्नूझची नऊ मिनिटं काही फोनांमध्ये मुळातच लावलेली असतात, म्हणून आकडा ठेवला. ती घड्याळ लावून बसते असं वाटायला नको, म्हणून त्यावर आणखी काही लिहिलं नाही.)

५ ऑगस्ट

फरशीवरचा फोन खाली खरंच कळतो का, हे बघायला हवं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. आजवर जिन्यातल्या हसण्यापलीकडे ओळख नाही. म्हटलं, "काकू, मी वर फोन फरशीवर ठेवून येतो आणि दुसऱ्या फोनवरून लावतो. जरा ऐकायचंय."

काकू म्हणाल्या, "त्यात काय ऐकायचं? रोज ऐकतो की."

तरी केलं. आतल्या खोलीत उभा राहिलो, छत घूं-घूं करत होतं. नेमकं कुठून ते सांगता येईना, अख्खं छतच वाजत असल्यासारखं. धक्क्याचा आवाज स्लॅबभर पसरतो, भिंतींत उतरतो, मग जागा सापडत नाही. कधी कधी तो डोक्यावरच्या घरातला नसून तिरक्या घरातला असतो आणि बोलणी बसतात डोक्यावरच्याला.

निघताना काकू म्हणाल्या, "तुम्ही दोघं रात्री फार उशिरापर्यंत बोलत बसता हो."

मी संवाद मोठ्याने वाचून बघतो. बाईचे एका आवाजात, बाकीच्यांचे दुसऱ्या. खाली व्यंजनं पोचत नाहीत, दोन चाली तेवढ्या पोचतात. काकूंच्या हिशेबी वर दोन माणसं राहतात. मी सांगितलं, मी एकटाच असतो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

८ ऑगस्ट

काकूंचं वाक्य कथेत गेलं. बाई संध्याकाळी फोनवर ऑफिसच्या बोलण्याची तालीम करते, स्वतःच प्रश्न विचारते, स्वतःच उत्तरं देते. लिफ्टमध्ये खालच्या घरातली म्हातारी विचारते, "बहीण आली का राहायला?" बाई म्हणते, "हो."

एवढंच. तिने 'हो' का म्हटलं, यावर तीन वाक्यं लिहिली होती, तिन्ही काढली. या प्रसंगाचं एक कामही आहे: आवाजावरून उभं केलेलं माणूस चुकीचं असू शकतं हे तिला आता स्वतःवरून माहीत आहे. तरीही ती वरच्या माणसावर विश्वास ठेवते. वाचणाऱ्याने ते ध्यानात ठेवावं.

१२ ऑगस्ट

मधला मोठा प्रसंग. एके सकाळी वरचा फोन वाजतो आणि कोणी थांबवत नाही.

कॉल असता तर अर्ध्या मिनिटात संपला असता. हा संपत नाही, म्हणजे अलार्म आहे, आणि तो दाबायला हात नाही. फोन आहे, माणूस नाही. फोन घरी ठेवून माणूस कुठे जातं?

इथे मी दोन शेवटांना भिऊन आहे. एक म्हणजे वर काहीतरी विपरीत झालेलं असणं. मग कथा बातमी होते आणि इतकी पानं जे जपलं त्याची भरपाई प्रेताने होते. दुसरा म्हणजे दार उघडणं, हसरा चेहरा, "या ना आत". त्यातही हिशेब चुकता होतो, आणि तिच्या आयुष्यात अशी वसुली होत नाही.

पण तिने उठून जायला हवं, हे नक्की. इतके दिवस कान देऊन ती गेलीच नाही तर ती नुसती ऐकणारी राहते. मग सुचलं की ती जाईल आणि भौतिकशास्त्र तिला अडवेल.

ती वर जाते. तिच्या घरात स्वयंपाकघर जिन्याच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे दोन वळणांनंतर तिला सांगता येत नाही. मजल्यावर शेजारी शेजारी दोन दारं आहेत. फोन वाजत असेल तर जिन्यात तो ऐकू येत नाही, कारण त्याची थरथर हवेत नाहीच, खाली तिच्या छतात आहे. एक दार तिच्या डोक्यावरचं असावं. दुसरं तिरकं.

*दोन्ही दारांसमोर पायपुसणी होती. मी आधी एका दाराशी कान नेला, मग दुसऱ्या. कुठूनतरी नळ ऐकू आला, किंवा नाही आला.*

'ऐकू आलं' राखून ठेवलं होतं ते इथे. ती बेल वाजवत नाही. कोणाची वाजवणार? खाली येते तेव्हा छत थांबलेलं असतं. आपोआप थांबलं की कोणी थांबवलं, हे कळायला ती घरात हवी होती.

१३ ऑगस्ट

कालचा प्रसंग परत वाचताना एक वाक्य दिसलं, ते मी ठरवून लिहिलेलं नव्हतं. फोन वाजतोय, ती अंथरुणात उठून बसली आहे, आणि म्हणते: *गेली कुठे ही?*

आधी वाटलं चूक आहे, नपुंसकलिंग मोडलं. खोडायला गेलो आणि थांबलो. काळजी वाटली त्या क्षणी तिने वरच्या माणसाला आपल्यातली करून टाकलं. 'ही' म्हणजे घरातली, उशीर करणारी, जिच्यावर चिडता येतं अशी. पुरावा काहीच नाही. लिफ्टमध्ये तिने जी बहीण कबूल केली, तीच बहुधा वर राहायला गेली.

सगळी कथा आता या वाक्याच्या मागे-पुढे बसवायची. त्याआधी एकही स्त्रीलिंगी क्रियापद वरच्या माणसाला चिकटलेलं नको. दोन सापडली, काढली. आणि वाक्यावर बोट ठेवायचं नाही. 'मला कळलंच नाही मी ही का म्हणाले' असलं काही लिहिलं तर सगळं वाया जाईल.

२० ऑगस्ट

मैत्रिणीला वाचायला दिली. ती पहिल्यांदा म्हणाली, "वरच्या बाईचं काय झालं पुढे?" मी विचारलं, बाई कशावरून? तर म्हणाली, "म्हणजे? बाईच आहे ना? मला पहिल्यापासून बाईच वाटली." पहिल्यापासून वाटणं शक्य नाही, मी प्रत्येक क्रियापद तपासलं आहे. ते एक वाक्य मागे जाऊन सगळ्या पानांवर चढलं.

तिची तक्रार योग्य होती: मधल्या भागात ध्वन्यनुकारी शब्द फार झालेत. धप्प, खट्ट, घूं-घूं, करकर, सर्रकन. एका पानावर पाच असले की पोरखेळ वाटतो, आणि प्रत्येक आवाज ठरलेला वाटतो. आता नियम केला: आवाज पहिल्यांदा येईल तेव्हा त्याचा शब्द द्यायचा, नंतर फक्त वस्तूचं नाव. 'घूं-घूं' एकदा, त्यानंतर 'फोन'. खुर्चीचं तर मूळचंच काढलं, 'खुर्ची हलली' म्हटलं तरी वाचणारा आवाज भरतो.

दुसरी तक्रार मान्य नाही. तिच्या मते बाईचं पूर्वायुष्य यायला हवं, ती या शहरात का आली, मागे कोण आहे. ते आलं की वाचणारा कारण शोधतो आणि कारण सापडलं की कान मिटतो.

२९ ऑगस्ट

शेवट. तीन लिहिले. एकात ती स्वतःचा फोन कॉटवरून उचलून फरशीवर ठेवते, खालच्या म्हातारीला कळावा म्हणून. मला तो आवडला होता आणि म्हणूनच संशय आला. फार नीट बसतो, काकूंचा प्रसंग जणू त्यासाठीच आणला होता असं वाटतं. काढला.

ठेवला तो असा: दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजतो, पाच-सहा वेळा, थांबतो. नऊ मिनिटांनी परत. ती लिहिते, *वरचं माणूस उठलं.* क्रियापद पुन्हा नपुंसकलिंगी. मग ती अंथरूण काढते, पाणी तापत ठेवते आणि ऑफिसच्या कामाचा एक परिच्छेद येतो, ज्यात आवाज नाहीत.

त्या परिच्छेदाची लांबी अजून जमलेली नाही. सहा ओळींत घाई वाटते, वीस ओळींत वाचणारा वरच्या मजल्याला विसरतो. बारा करून बघतो. त्यानंतर सगळी अकर्मक क्रियापदं शेवटची एकदा तपासायची, विशेषतः पान ४ वरचं 'थबकली', तिथे कर्ता पावलं आहेत की माणूस हे स्पष्ट नाही. 'थबकली' पावलांना चालतं, माणसाला नाही. वाक्य फिरवायचं.